बाळाची गोधडी 999 ला विकली, तेव्हा प्रत्येक नगामागे 109 रुपये गेले

माझी मावसबहीण वाईजवळच्या एका गावात गोधड्या शिवून घेते. शेजारच्या चार बायका तिच्याकडे काम करतात. दोघी काकू तर तिच्या आईच्या वेळेपासून हातात सुई धरून आहेत. प्रदर्शनात बाळाची गोधडी 900 रुपयांना हातोहात जायची. दसऱ्याच्या सुमारास ताईने तीच गोधडी एका मोठ्या ऑनलाइन बाजारात लावली आणि ‘ऑनलाइनचा खर्च’ म्हणून 99 रुपये वाढवून किंमत 999 ठेवली. तीन महिन्यांत 80 ऑर्डरी गेल्या. थंडीचे दिवस होते, बायकांना रोज काम मिळत होतं, सगळ्या खुशीत होत्या. संक्रांतीच्या आधी तिचा फोन आला, "अगं, माल तर जातोय, पण कापडवाल्याला द्यायला खात्यात पैसेच नाहीत. जरा येऊन बघतेस का?"

मी पुण्यात छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते. ताईची वही आणि बाजाराकडून आलेली सेटलमेंटची शीट शेजारी शेजारी ठेवून आम्ही दोन दिवस बसलो. त्या दोन दिवसांत जे निघालं ते इथे लिहिते आहे. ताईने लिहायला परवानगी दिली आहे. आकडे तिचेच आहेत, आणि बाजाराचं दरपत्रक तिच्या खात्याला लागू असलेलं आहे. तुमच्या बाजाराचे दर वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

आधी वस्तू सांगते. गोधडी 100 बाय 120 सेंटिमीटरची. वर आणि खाली नवं सुती कापड, मध्ये मलमलीचे दोन थर, कडेने गोट. घरच्या गोधडीत आपण आजीचं जुनं लुगडं घालतो आणि ती ऊब वेगळीच असते. पण अनोळखी घरातल्या तान्ह्या बाळासाठी विकायची तर आतलंही कापड नवंच हवं, असा ताईचा नियम आहे, आणि मला तो पटतो. कापड, मलमल, दोरा आणि गोट मिळून 360 रुपये होतात. शिलाईचे ती नगाला 250 द्यायची. म्हणजे 610.

वहीतला हिशेब असा होता: 999 मधून 15 टक्के कमिशन 150, शिपिंग 80, उरले 769. त्यातून 610 वजा, नफा 159. 80 ऑर्डरींना गुणलं की 12,720. वाचताना कुठे चूक आहे असं वाटत नाही. म्हणूनच तीन महिने कोणाला शंका आली नाही.

शीटमध्ये मात्र प्रत्येक ऑर्डरीखाली वजनाचा फरक म्हणून 120 रुपये आणि त्यावरचा जीएसटी अशी कपात दिसत होती. ती ऑर्डरीच्या दिवशी पडत नव्हती, दहा-पंधरा दिवसांनी पुढच्या पेमेंटमधून वळती होत होती. ताईला वाटायचं की हा आधीच्या कुठल्यातरी ऑर्डरीचा काही हिशेब असेल. मी तिला एक भरलेलं खोकं आणायला सांगितलं. सुंदर खोकं होतं, 40 बाय 30 बाय 15 सेंटिमीटरचं. आत पातळ कागदात गुंडाळलेली गोधडी, वर कार्ड. काट्यावर ठेवलं तर सगळं मिळून 700 ग्रॅमच्या आत. ताईने लिस्टिंगमध्ये 1 किलो टाकलं होतं आणि तिच्या मते ती सढळ हातानेच टाकत होती.

कुरिअर हलक्या मालाचं भाडं नुसत्या काट्यावर घेत नाही. गाडीत माल जागाही अडवतो, म्हणून लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात. जे येतं ते घनफळी वजन, किलोमध्ये. प्रत्यक्ष वजन आणि घनफळी वजन यांत जे जास्त, त्याचं भाडं. काही कुरिअर 5000 च्या जागी लहान आकडा धरतात, मग वजन आणखी फुगतं. आपलं खोकं 40 × 30 × 15, म्हणजे 18,000. भागिले 5000 केले की 3.6 किलो. भाडं अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी चढतं, म्हणून ते 4 किलो धरलं गेलं. तिच्या दरपत्रकात पहिल्या अर्ध्या किलोला 60 आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला 20 रुपये पडत होते. हे तिच्या ऑर्डरींचे सरासरी दर आहेत. महाराष्ट्रात थोडं कमी पडतं, लांबच्या राज्यात थोडं जास्त. 1 किलोला 80, तर 4 किलोला 200. ताई लिस्टिंगमध्ये 1 किलो लिहीत होती, कुरिअरच्या हबमध्ये यंत्र खोकं मोजत होतं, आणि फरक मागाहून कापला जात होता. प्रत्येक गोधडीबरोबर ती तीन किलो हवा पाठवत होती आणि तिचं भाडं भरत होती.

आता 999 चा खरा हिशेब मांडते. कमिशन 150, दर ऑर्डरीची ठरीव फी 30, शिपिंग 200, एकूण 380. या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी 68. म्हणजे 448 कापले आणि हातात आले 551. खोकं, टेप, कागद आणि कार्ड यांचे 50 गेले. कापडाचे 360 गेले, शिलाईचे 250 गेले. नगामागे तोटा 109 रुपये, आणि यात परत आलेला माल अजून धरलेलाच नाही.

80 पैकी 9 पार्सलं ग्राहकाने घेतलीच नाहीत. कोणी फोन उचलला नाही, कोणी दारात नको म्हणालं. यातली बहुतेक घरपोच पैसे देण्याच्या ऑर्डरी होत्या. तिचा बाजार अशा पार्सलाचं भाडं विक्रेत्याकडून घेत नाही, त्यामुळे फक्त पॅकिंग वाया गेलं. काही बाजार दोन्ही बाजूंचं भाडं लावतात, तेव्हा हा नियम आधी वाचून घ्यावा. उरलेल्या 71 पैकी 7 गोधड्या ग्राहकांनी घेऊन परत केल्या. अशा वेळी कमिशन आणि ठरीव फी माघारी मिळते, जायचं भाडं मिळत नाही, आणि यायचं भाडं वर लागतं. त्या खोक्याला जायचे 200 आणि यायचे 260, जीएसटी धरून 543, पॅकिंगचे 50. एका परतीला जवळजवळ 600 रुपये. सातपैकी चार गोधड्या अंथरून, हाताळून आलेल्या होत्या. एकीवर दुधाचा डाग होता. बाळाची वस्तू आहे, धुऊन नवी म्हणून परत पाठवायची नाही, यावर ताई ठाम होती. त्या चार तिने गावात 450 ला दिल्या.

सगळं मिळवलं तेव्हा तीन महिन्यांचा तोटा 12,217 रुपये निघाला. वही 12,720 नफा दाखवत होती. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे ऑर्डर आली की मी जे नारळ फोडत होते, ते कशासाठी?" मला त्या क्षणी तिचं फार वाईट वाटलं. मेहनतीत तिची काहीच कसूर नव्हती.

किंमत नव्याने ठरवायला आम्ही बाजारापासून नाही, शिलाईपासून सुरुवात केली. 250 रुपये नगाला, हा आकडा कुठून आला, असं विचारलं. "आईच्या वेळी 150 देत होतो, मग वाढवत गेलो." नगाला लागतो किती वेळ, हे कोणी मोजलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंच्या शेजारी घड्याळ घेऊन बसले. त्या धावदोरा घालतात. चार थर एकत्र धरून सुई खाली-वर, एका दमात पाच-सहा टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढायचा. डाव्या हाताचं बोट कापडाखाली टोक चाचपत असतं. त्या बोटाला घट्टा पडलेला आहे. काठापासून काठापर्यंत एक मीटरची ओळ पूर्ण व्हायला साधारण 14 मिनिटं लागली. अशा ओळी 30. म्हणजे 7 तास नुसते टाके, आणि कापणं, थर जुळवणं, गोट लावणं याचा 1 तास. 8 तासांचे 250 म्हणजे तासाला 31 रुपये. वहीतला 159 चा नफा खरा असता, तरी तो काकूंच्या मजुरीतूनच आलेला असता.

ताईने तासाला 50 धरून 400 रुपये ठरवले. मला वाटतं हे याहून कमी नसावं, आणि पुढे वाढायला हवं. कापडाचे 360. कापड आधी धुऊन आटवणं, इस्त्री, सुया, फोटो, न खपलेले नग यांसाठी नगामागे 40. बाजाराला हात लावण्याआधीच गोधडी 800 रुपयांना पडते. जी गोधडी आपण 900 ला ‘हातोहात’ विकत होतो, ती प्रदर्शनातही स्वस्तच विकत होतो.

मग पॅकिंग. गोधडी वाट्टेल तशी दुमडली तर ती फुगते. आम्ही जमिनीवर बसून निरनिराळ्या घड्या करून पाहिल्या. 100 च्या बाजूला चार आणि 120 च्या बाजूला चार घड्या केल्या की 25 बाय 30 चा सोळा पदरांचा गठ्ठा होतो. तो पाटाखाली रात्रभर ठेवला आणि सकाळी सुती नाडीने चौकडी बांधला, की उंची 6 सेंटिमीटरवर राहते. पावसापाण्यासाठी आत पारदर्शक पिशवी आणि बाहेर कुरिअरची जाड पिशवी. 30 × 25 × 6 म्हणजे 4,500, भागिले 5000 केले की 0.9 किलो. 1 किलोच्या टप्प्यात बसली. पॅकिंगचा खर्च 50 वरून 22 वर आला, आणि शिपिंग 200 वरून 80 वर. आतली हवा ओढून घेणारी पिशवीही वापरून पाहिली होती. ती वाटेत कुठे टोचली गेली की पार्सल फुगतं आणि वजनाचं भांडण परत सुरू होतं. शिवाय उघडल्यावर गोधडी चुरगळलेली दिसते. नाडी बरी.

खोक्याचा मोह सुटणं ताईला जड गेलं. भेट म्हणून घेणाऱ्याला खोकं आवडतं, हे खरं आहे. पण काच किंवा मातीची वस्तू असेल तिथे खोक्याला पर्याय नसतो, गोधडीला तो आहे.

वजनाच्या कपातीबद्दल एक गोष्ट. आता ताई दर पार्सलाचा, मोजायची टेप शेजारी धरून, एक फोटो काढून ठेवते. कपात चुकीची आली तर ठरावीक दिवसांच्या आत तक्रार करता येते आणि तेव्हा हा फोटोच कामाला येतो.

परतीचा खर्च किमतीत कसा घालायचा, यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. जो माल परत येतो त्याचा खर्च, जो माल विकला जातो त्यानेच उचलायचा असतो, दुसरं कोणी नसतं. म्हणून 100 पार्सलं निघाली असं धरलं. तिच्याच अनुभवाप्रमाणे 11 न घेता परत, 89 पोचली, त्यातल्या 9 परत, आणि 80 खरोखर विकल्या गेल्या. नव्या पॅकिंगनुसार 11 पार्सलांचं पॅकिंग वाया गेलं, ते 242. 9 परतींचं जाण्यायेण्याचं भाडं (आता जायचे 80, यायचे 110) जीएसटी आणि पॅकिंग धरून नगाला 246, म्हणजे सुमारे 2,215. त्यातल्या पाच नव्या म्हणून विकता येणार नाहीत, गावात 500 ला जातील, नगामागे 300 चा घाटा, ते 1,500. बेरीज 3,957. ती 80 वर वाटली की नगाला 50 रुपये. परती 9 टक्के आहेत म्हणून किमतीत 9 टक्के वाढवायचे, असा हिशेब पुष्कळजण करतात. त्याला काही आधार नाही. परतीचा खर्च भाड्यावर आणि माल कशा अवस्थेत येतो यावर ठरतो.

परती का आल्या तेही वाचलं. सातपैकी चौघांनी लिहिलं होतं, "वाटली त्यापेक्षा लहान." लिस्टिंगमधला फोटो मोठ्या पलंगावर, वरून काढलेला होता, आणि शेजारी आकार कळेल असं काही नव्हतं. आता पहिल्याच फोटोत कडेला टेप आहे, आणि दुसऱ्यात गोधडी पाळण्यावर घातलेली आहे. पण परती कमी होतील असं धरून किंमत उतरवायची नाही, असं आम्ही ठरवलं. आधी कमी होऊ देत.

जीएसटीबद्दल ताईच्या मनात खूप गोंधळ होता, तो तुमच्याही मनात असू शकतो. परराज्यात माल जातो म्हणून तिने नोंदणी घेतलेली आहे. सुती गोधडीची किंमत कर सोडून 2,500 पर्यंत असेल तर 5 टक्के कर लागतो, आणि तो तिच्या लावलेल्या किमतीतच असतो. दुसरीकडे बाजाराच्या फीवर ती 18 टक्के भरते आणि कापडाच्या बिलावर 5 टक्के. या भरलेल्या कराची वजावट मिळते. 1,499 च्या विक्रीत कर 71 रुपये येतो. फी आणि कापडावर भरलेला मिळून 75 च्या पुढे जातो. दोन्ही जवळजवळ फिटतात. म्हणून हिशेब सोपा ठेवला: फी जीएसटीसकट धरायची, कापड जीएसटीसकट धरायचं, आणि विक्रीवरचा कर पुन्हा वेगळा वजा करायचा नाही. हे तेव्हाच खरं, जेव्हा कापडाचं पक्कं बिल असतं आणि जीएसटीचं रिटर्न वेळेवर भरलं जातं. बाजार आपल्या पेमेंटमधून टीसीएस नावाचा जो अर्धा टक्का कर आधीच कापतो तो खर्च नाही. तो आपल्याच खात्यात जमा दिसतो, फक्त काही काळ अडकतो.

आता किंमत. किमतीवर न बदलणारे खर्च एकीकडे घेतले: गोधडी 800, पॅकिंग 22, परती 50, ठरीव फी आणि शिपिंग जीएसटीसकट 130. एकूण 1,002. किमतीबरोबर बदलणारं फक्त कमिशन, 15 टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 17.7 टक्के. ताईला स्वतःच्या कामाचे आणि गुंतवलेल्या पैशाचे 15 टक्के हवे होते.

तिने लगेच कॅल्क्युलेटरवर 1,002 मध्ये 32.7 टक्के मिळवले. 1,330 आले. इथेच जवळपास सगळे चुकतात. कमिशन आपल्या खर्चावर नसतं, ग्राहक जी किंमत देतो तिच्यावर असतं, आणि आपल्यालाही 15 टक्के त्याच किमतीचे हवे आहेत. 1,330 मधून कमिशन 235 गेलं की उरतात 1,095, खर्च 1,002, आणि हातात 93 रुपये. 15 नाही, 7 टक्के. म्हणून वर चढवायचं नाही, भागायचं:

```
किंमत = 1002 ÷ (1 − 0.177 − 0.15) = 1489
```

1,499 ठेवली. कमिशन वजा जाऊन 1,234, त्यातून 1,002, उरतात 232. आणि ज्या किमतीला ताईला काहीच उरत नाही ती 1002 ÷ 0.823, म्हणजे 1,218. हा आकडा तिने पाटीवर लिहून मशीनच्या वर टांगला आहे. सणाच्या सेलला बाजाराकडून सूट देण्याचं आमंत्रण येतं. 10 टक्के सूट दिली तर 1,349 ला 108 उरतात, तेवढी ती देते. 20 टक्के दिली तर 1,199 होतात, म्हणजे घरचे घालावे लागतात. जाहिरातीचा खर्चही या 232 मधूनच जातो, म्हणून ती सध्या जाहिरात करत नाही.

किंमत निम्म्याने वाढल्यावर ऑर्डरी पडल्या. पहिल्या दोन आठवड्यांत तर फक्त तीन आल्या, आणि ताई घाबरून 1,199 करायला निघाली होती. थांबली. दोन महिन्यांत 31 पार्सलं गेली, 3 न घेता परत आली, 2 ग्राहकांनी परत केली, त्यातली एक वापरलेली होती. 26 विकल्या गेल्या. परतींचा प्रत्यक्ष खर्च जाऊन ताईकडे सुमारे 6,470 रुपये उरले, आणि शिवणाऱ्या बायकांना नगाला 250 च्या जागी 400 मिळाले. काम मात्र कमी झालं. चौघींना पुरेल एवढं नव्हतं, ही अडचण खरी आहे. तिने उरलेला वेळ प्रदर्शनाच्या मालाला दिला आणि तिथली किंमत 1,150 केली.

आता तिला मोठी, दुहेरी गोधडीही ऑनलाइन लावायची होती. तिची मजुरीच 1,400 च्या घरात जाते. पाटाखाली दाबूनही ती 40 बाय 35 बाय 12 च्या खाली येत नाही, म्हणजे 3.4 किलो, धरलं जाईल साडेतीन. आणि कर सोडून किंमत 2,500 च्या वर गेली की कर 5 वरून 18 टक्के होतो, तो नुसत्या वरच्या रकमेवर नाही, पूर्ण किमतीवर. ती गोधडी तिने बाजारात लावली नाही. ऑर्डर घेऊन, आगाऊ निम्मे पैसे घेऊन शिवते, आणि गिऱ्हाइकाला वाईला येऊन घेऊन जा म्हणते.